जानेवारीत भरलेले पैसे कोणत्या महिन्याचे?

नव्या वर्षाचे संकल्प ताजे असतात तेव्हा जिमच्या काउंटरवर गर्दी उसळते. समजा, एका मध्यम आकाराच्या जिममध्ये १ जानेवारीला शंभर जणांनी वर्षभराची मेंबरशिप घेतली. कर सोडून प्रत्येकी १२,००० रुपये, म्हणजे बँकेत १२ लाख रुपये जमा झाले. जागेचे भाडे, ट्रेनरचे पगार, वीज आणि यंत्रांची देखभाल मिळून महिन्याचा खर्च ९०,००० रुपये आहे. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते तेव्हा या जिमला नफा किती झाला?

खात्यावरची रक्कम पाहून मालक सांगेल की १२ लाख आले, तीन महिन्यांत २ लाख ७० हजार गेले, म्हणजे ९ लाख ३० हजार नफा. त्याच हिशेबाने पुढे गेले, तर एप्रिल ते डिसेंबर या नऊ महिन्यांत या शंभर जणांकडून एक रुपयाही येणार नाही, खर्च मात्र ८ लाख १० हजारांचा होईल. तेच लोक, तीच यंत्रे, तेच भाडे. पण एका वर्षी घसघशीत नफा आणि दुसऱ्या वर्षी तेवढाच ठसठशीत तोटा. धंद्यात काहीच बदललेले नसताना कागदावर असे दिसत असेल, तर हिशेब चुकला आहे.

लेखाशास्त्राचा नियम इथे अगदी स्पष्ट आहे. पैसे हातात आले म्हणून ते उत्पन्न होत नाहीत. ज्यासाठी पैसे घेतले ते काम जसजसे होईल तसतसे ते उत्पन्न होतात. तोवर ती रक्कम ताळेबंदात देण्यांच्या बाजूला, ‘आगाऊ मिळालेली रक्कम’ म्हणून बसते. आपल्या जिममध्ये दर महिन्याच्या शेवटी त्यातले एक लाख रुपये तिथून काढून उत्पन्नात घ्यायचे. ३१ मार्चपर्यंत उत्पन्न झाले ३ लाख आणि नफा ३० हजार. उरलेले ९ लाख हे मेंबरांचे देणे आहे, फक्त ते रोख पैशात नव्हे, तर सेवा देऊन फेडायचे आहे. पुढच्या नऊ महिन्यांत नफा ९० हजार. दोन्ही पद्धतींत वर्षाची बेरीज १ लाख २० हजारच येते, पण धंद्याचे खरे चित्र दुसऱ्या पद्धतीतच दिसते.

आता एक रास्त शंका. फेब्रुवारी उजाडेपर्यंत निम्मे मेंबर यायचे बंद होतात. मग त्यांचे पैसे लगेच उत्पन्नात का धरू नयेत? कारण जिमने विकली आहे ती वर्षभर कधीही येऊन व्यायाम करण्याची मुभा. मेंबर घरी झोपला असला तरी त्याच्यासाठी दार उघडे ठेवणे, ही सेवा जिम रोज देत असते. म्हणून हे उत्पन्न महिन्यांच्या प्रमाणात सारखे वाटले जाते. मोठ्या कंपन्यांना २०१८ पासून लागू झालेले ‘इंड एएस ११५’ हे मानक असो की छोट्या व्यवसायांसाठीचे जुने ‘एएस ९’, उत्तर हेच निघते. ‘परत न मिळणारी’ प्रवेश फी घेतली असेल, तर तीही बहुतेक वेळा पहिल्याच दिवशीचे उत्पन्न ठरत नाही. नोंदणी करून घेणे ही काही मेंबराला मिळालेली वेगळी सेवा नव्हे.

वीस सत्रांचे पर्सनल ट्रेनिंगचे पॅकेज मात्र वेगळे. तिथे सत्रे मोजून दिलेली असतात, त्यामुळे मार्चअखेर सात सत्रे झाली असतील तर वीसपैकी सातांचेच उत्पन्न धरायचे. एकाच पावतीवर मेंबरशिप आणि ट्रेनिंग दोन्ही असेल, तर आधी रकमेची दोन भागांत वाटणी करावी लागते. जीएसटी या महिनेवार वाटणीची वाट पाहत नाही. सेवेसाठी आगाऊ पैसे मिळाले की त्या पूर्ण रकमेवरचा कर त्याच वेळी देय होतो. घोटाळा बहुतेकदा इथूनच सुरू होतो. जीएसटीच्या विवरणपत्रात १२ लाख दिसतात, म्हणून तोच आकडा उचलून उत्पन्नात टाकला जातो.

मोठ्या कंपन्यांतही हा प्रश्न केवढा मोठा होऊ शकतो, हे ‘बायजूज’च्या उदाहरणात देशाने पाहिले. या शिक्षण कंपनीचे २०२०-२१चे हिशेब सप्टेंबर २०२२ मध्ये, खूप उशिराने, बाहेर आले आणि तोटा सुमारे ४,५८८ कोटी रुपयांचा निघाला. अभ्यासक्रमांच्या विक्रीचे पैसे सुरुवातीलाच उत्पन्नात न धरता शिकवण्याच्या कालावधीत विभागण्याची पद्धत स्वीकारल्याने उत्पन्नाचा मोठा भाग पुढच्या वर्षांत गेला, असे कंपनीने त्या वेळी सांगितले. तोट्यामागे खर्चही प्रचंड होता. पण पद्धत बदलताच आकडे किती हलतात, हे त्यातून दिसले.

चालू जिम, क्लास किंवा देखभाल कराराचा धंदा विकत घेणाऱ्याने म्हणूनच केवळ बँकेचे पासबुक पाहू नये. प्रत्येक ग्राहकाची मुदत कधी संपते याची यादी मागावी, उरलेल्या महिन्यांची रक्कम काढावी आणि सौद्याच्या किमतीतून ती वजा करून घेण्याचा आग्रह धरावा. ते पैसे जुन्या मालकाने घेतलेले असतात, सेवा मात्र नव्या मालकाला द्यावी लागते.