कुठले सहा?

विमानातले दिवे मालवलेले आहेत, खिडक्यांच्या झडपा खाली ओढलेल्या आहेत आणि काकूंच्या पर्समधला मोबाइल मंद आवाजात वाजू लागतो. रोजचा गजर, सकाळी सहाचा, थायरॉइडच्या गोळीचा.

‘‘अहो, सहा वाजले.’’

‘‘कुठले सहा?’’ पांघरुणातून काकांचा प्रश्न.

प्रश्न रास्त आहे. मुंबईहून मध्यरात्री एकला सुटलेलं हे विमान न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कला निघालं आहे. मुंबईत सोमवारचे सकाळचे सहा, नेवार्कला अजून रविवारचे रात्रीचे साडेआठ आणि खाली जमिनीवर कुणास ठाऊक किती. मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या किती तरी जोडप्यांना पहिल्या प्रवासात हा पेच पडतो. काका-काकू इथे नमुन्यादाखल घेतले आहेत, पण त्यांच्या गोळ्या आणि वेळा घरोघरच्याच आहेत. काकूंना सकाळी सहाला रिकाम्या पोटी लिव्होथायरॉक्सिन, काकांना नाश्त्यानंतर नऊला रक्तदाबाची ॲम्लोडिपिन.

हा पेच घड्याळाकडे बघून सुटत नाही. त्यासाठी दोन गोष्टी कळाव्या लागतात. मागच्या गोळीला किती तास झाले आणि ते औषध अंगात किती काळ टिकतं.

लिव्होथायरॉक्सिन या बाबतीत फारच सोशिक आहे. शरीरात साठलेलं हे संप्रेरक निम्म्यावर यायला साधारण सात दिवस लागतात. म्हणजे दोन गोळ्यांमध्ये नेहमीचे चोवीस तास गेले, तर साठा नऊ-दहा टक्क्यांनी उतरतो. साडेतेहतीस तास गेले तरी तेराच टक्क्यांनी. हा फरक काकूंना जाणवतही नाही. या गोळीचा डोस बदलल्यावर डॉक्टर सहा ते आठ आठवडे थांबून टीएसएच तपासतात, तेही याच संथपणामुळे.

तिचं खरं वाकडं आहे ते पोटातल्या इतर गोष्टींशी. चहा, कॉफी, दूध किंवा जेवणाबरोबर घेतली तर ती नीट शोषली जात नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांपासून तर चार तासांचं अंतर हवं. त्यामुळे विमानात पाहायचं ते जेवणाच्या गाडीचं वेळापत्रक. एकला सुटलेल्या विमानात पहिलं जेवण अडीच-तीनपर्यंत आटोपतं आणि दुसरं खाणं उतरण्याच्या दोनेक तास आधी येतं. भारतीय वेळेच्या सहाला जेवून तीन तास झालेले असतात, पुढचं खाणं लांब असतं आणि पाण्याची बाटली हाताशी असते. म्हणून काकूंनी गजर वाजला तेव्हाच गोळी घेतली, तर ती योग्यच वेळ आहे. फक्त त्यानंतर तासभर कॉफीला नाही म्हणायचं.

काकांची ॲम्लोडिपिनही सबुरीची आहे. तीस ते पन्नास तासांनी ती अंगात निम्मी होते. त्यांनी ती भारतीय वेळेच्या नऊला विमानातच घ्यावी. सोळा तासांनी विमान उतरतं, तेव्हा मुंबईत सोमवारचे संध्याकाळचे पाच आणि नेवार्कला सोमवारचे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. उन्हाळ्यात दोन्हीकडच्या वेळांत साडेनऊ तासांचा फरक असतो.

नेमकी इथे चूक होते. विमान उतरतं, मोबाइल आपोआप तिथली वेळ पकडतो आणि दीड तासानं काकांचा नऊचा गजर पुन्हा वाजतो. सोमवार सकाळ, नऊ, गोळी! पण सोमवारची गोळी तर विमानात पोटात गेली आहे. पुन्हा घेतली तर साडेनऊ तासांत दोन गोळ्या होतात, आणि झोप अर्धवट, पाणी कमी प्यायलेलं असताना रक्तदाब उतरून उठताना चक्कर येऊ शकते. पुढची गोळी मंगळवारी सकाळी नऊला, तिथल्या वेळेनं. मध्ये साडेतेहतीस तास जातात आणि ॲम्लोडिपिन ते निभावते. काकूंनीही तसंच, मंगळवारी सहाला.

रक्तदाबाची गोळी सकाळचीच असली पाहिजे, असाही आग्रह नको. ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या ‘टाइम’ नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. गोळी सकाळी घेणारे आणि संध्याकाळी घेणारे यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा त्यामुळे येणारा मृत्यू यांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. आठवडाभराच्या कामासाठी जाणाऱ्यानं भारतातले सकाळचे नऊ म्हणजे तिथले रात्रीचे साडेअकरा हीच वेळ पाळली, तरी चालतं.

सगळ्या गोळ्या मात्र इतक्या सोशिक नसतात. साधी मेटोप्रोलॉल काही तासांतच ओसरते, म्हणून ती दिवसातून दोनदा असते. एकदम थांबवली तर धडधड वाढते. काकांना ती सकाळ-रात्री नऊला असती, तर विमानात भारतीय वेळेच्या नऊला एक, तिथून बारा तासांनी, म्हणजे नेवार्कच्या सकाळी साडेअकराला दुसरी आणि त्याच रात्री नऊला तिसरी, असा क्रम लागला असता. शेवटचं अंतर साडेनऊ तासांचं होतं, पण मधे खंड पडत नाही. क्लोनिडिनचा डोस चुकला तर रक्तदाब उसळी घेऊ शकतो. तिचं, तसंच इन्सुलिन, रक्त पातळ करणाऱ्या आणि फिट्सच्या गोळ्यांचं वेळापत्रक निघण्याआधी डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावं लागतं.

परतीच्या प्रवासात दिवस आखडतो. विमान नेवार्कहून शनिवारी रात्री नऊला सुटतं आणि पंधरा तासांनी मुंबईत पोचतं, तेव्हा इथे रविवारचे रात्रीचे साडेनऊ असतात. काकांची शनिवारची गोळी तिथल्या सकाळी नऊला झालेली आहे. रविवारची तिथल्या नऊला विमानात घेतली, तर सोमवारी मुंबईतल्या नऊची अवघ्या साडेचौदा तासांनी येते. रविवारची गाळली, तर साडेअडतीस तासांचा खंड पडतो. यावर साधी युक्ती म्हणजे अंतर वाटून घेणं. विमान सुटल्यावर सहा तासांनी, नेवार्कच्या पहाटे तीनला, एक गोळी घ्यायची. मग आधीचं अंतर अठरा तासांचं आणि पुढचं साडेवीस तासांचं होतं.

यासाठी लागतं ते सामान अगदी साधं आहे. एक मनगटी घड्याळ, जे नेवार्कच्या घरी पोचेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवायचं. मोबाइलमधले गोळ्यांचे गजर उतरण्यापूर्वी बंद. गोळ्या मूळ पाकिटात, औषधांची मूळ नावं लिहिलेल्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. चेक-इन केलेली बॅग दोन दिवस उशिरा आली की सगळी गणितं फसतात.

आणि एक पेन. काकूंनी गोळी घेतली की बोर्डिंग पासच्या मागे लिहायचं, ‘सोम. सहा, भारत’. नऊच्या गोळीनंतर काकांनी खाली आपली ओळ लिहायची. नेवार्कला सामानाच्या पट्ट्यापाशी काका खिसे चाचपत ‘‘अगं, मी घेतली होती का?’’ म्हणाले, तर काकूंना बोर्डिंग पास उलटा करून फक्त दाखवायचा असतो.