जाळ्याच्या बिलात सूट चुकली होती, दुकानदाराला पत्र कसं लिहिलं



जूनमध्ये सोसायटीने घेतलेल्या जाळ्याच्या बिलाबद्दल बरीच चर्चा झाली. गड्डेन्ना वागूवर जाणाऱ्या एका सभासदाने सरळ विचारलं, "सेठ पंधरा टक्के सूट म्हणाले होते, मग जाळं ५०० रुपये किलो कसं पडलं?" प्रश्न बरोबर होता. दुकानदाराला पत्र दिलं, त्याचं काय झालं आणि पत्रात काय लिहिलं, ते इथे सविस्तर देतो. गणेश मंडळाला, बचत गटाला किंवा दुसऱ्या सोसायटीला असंच बिल आलं तर उपयोगी पडेल. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण त्यांनी पुढे व्यवस्थित दुरुस्ती करून दिली.

आधी बिल बघा. तंगूस जाळं ८० किलो, छापील भाव ५७५ रुपये किलो, म्हणजे ४६,००० रुपये. कोटेशनवर लिहिलं होतं, "जाळ्याच्या छापील भावावर १५ टक्के सूट". बुचं, शिसं आणि दोरीचं बिल वेगळं होतं आणि त्यावर सूट ठरलीच नव्हती, म्हणून ते बाजूला ठेवा. जाळ्याच्या बिलावर लिहिलं होतं: सूट १५ टक्के, ६,००० रुपये. राहिले ४०,०००. त्यावर ५ टक्के जीएसटी २,०००. एकूण ४२,००० रुपये.

वरवर बघितलं तर सगळं जुळतं. टक्का बरोबर लिहिलाय, बेरीज वजाबाकी बरोबर आहे, आणि ४०,००० ला ८० किलोने भागलं की ५०० असा गोल भाव येतो. पण ४६,००० चे १५ टक्के ६,९०० होतात, ६,००० नाही.

मग ६,००० आले कुठून? दुकानदार छापील किमतीतून जीएसटी वेगळा काढतात तेव्हा भागाकार करतात. १८ टक्के कर धरून किंमत १,१८० असेल तर १.१८ ने भागायचं, मूळ किंमत १,००० येते. तिथे हे बरोबर आहे, कारण १८ टक्के हे १,००० वर लावलेले असतात. आपल्या बिलात तीच सवय सुटीला लागली. ४६,००० ला १.१५ ने भागलं, ४०,००० आले. म्हणजे सूट छापील भावावर न धरता, सूट गेल्यावर उरलेल्या रकमेवर धरली गेली. ४०,००० चे १५ टक्के ६,००० होतात, म्हणून त्यांच्या हिशेबाला ते बरोबर वाटलं.

हे ओळखायची रीत सोपी आहे. सुटीचे रुपये घ्या, सुटीच्या आधीच्या रकमेने भागा आणि १०० ने गुणा. ६,००० भागिले ४६,०००, म्हणजे १३.०४ टक्के. ठरलेले १५ आले नाहीत, म्हणजे बिल चुकलं. आता तेच रुपये सुटीच्या नंतरच्या रकमेने भागून बघा. बरोबर १५ आले तर चूक भागाकाराचीच, दुसरी कुठली नाही. टक्का जितका मोठा तितकी ही चूक महाग पडते. १० टक्क्यांच्या जागी ९.०९ मिळतात, २५ च्या जागी फक्त २० मिळतात.

पत्र लिहिण्याआधी एक गोष्ट मात्र तपासावी लागते. कोटेशनवर "१५ अधिक ५" असं लिहिलं असेल तर ती २० टक्के सूट नसते. १०० चे आधी ८५ होतात, मग ८५ वर ५ टक्के जाऊन ८०.७५ राहतात. म्हणजे सूट १९.२५ टक्के. ती व्यापारातली जुनी पद्धत आहे, त्यावर तक्रार करून आपणच खोटे पडतो. तसंच रुपया दोन रुपयांचा फरक पूर्णांक करण्यातून येतो, त्यासाठी कागद खराब करू नये.

आपल्या बिलाचा योग्य हिशेब असा: ४६,००० मधून ६,९०० गेले, ३९,१०० राहिले. त्यावर ५ टक्के जीएसटी १,९५५. एकूण ४१,०५५. बिल ४२,००० चं, म्हणजे ९४५ रुपये जास्त गेले. त्यात ९०० मालाचे आणि ४५ कराचे. हे ४५ बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाहीत. बिलावरच दाखवलेली सूट जीएसटी लावण्याआधी वजा होते, म्हणून सूट कमी पडली की कर आपोआप जास्त लागतो.

पत्र हे असं दिलं:

"मा. दुकानमालक यांस,
विषय: जाळ्याच्या बिलातील सुटीची रक्कम दुरुस्त करून मिळणेबाबत.
महोदय,
आपल्याकडून ९ जून रोजी ८० किलो तंगूस जाळे घेतले. बिलाची व कोटेशनची झेरॉक्स सोबत जोडली आहे. कोटेशनप्रमाणे छापील भावावर १५ टक्के सूट ठरली होती. ४६,००० रुपयांवर ही सूट ६,९०० रुपये होते. बिलात ६,००० रुपये धरली आहे. ४६,००० ला १.१५ ने भागल्यामुळे असे झाले असावे. योग्य रक्कम जीएसटीसह ४१,०५५ रुपये होते. आम्ही ४२,००० रुपये चेकने दिले आहेत. तरी ९०० रुपये व त्यावरील जीएसटी ४५ रुपये, अशी एकूण ९४५ रुपयांची क्रेडिट नोट मूळ बिलाचा नंबर घालून द्यावी व रक्कम सोसायटीच्या खात्यावर जमा करावी, ही विनंती.
आपला, सचिव."

पत्रात "फसवलं", "लुबाडलं" असा शब्द नाही. चूक कशी झाली असावी तेही आपणच लिहून दिलं, म्हणजे मुनीमाला शोधत बसावं लागत नाही. माझ्या मते तक्रारीच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तीच. "तुमचं बिल चुकलं" एवढंच लिहिलं असतं तर चार चकरा झाल्या असत्या. इथे मुनीमाने कॅल्क्युलेटरवर दोन्ही हिशेब केले आणि म्हणाला, "आम्ही नेहमी भागूनच काढतो की!"

सेठ रोख ९४५ तिथल्या तिथे द्यायला तयार होते. ते घेतले नाहीत. रोख घेतले तर फाईलमध्ये बिल ४२,००० चंच राहतं आणि ऑडिटला ९४५ कुठून आले ते दाखवता येत नाही. बिलावर पेनाने खाडाखोडही चालत नाही. जीएसटी कायद्यात अशा वेळी विकणाऱ्याने क्रेडिट नोट द्यायची सोय आहे, आणि ती दिली तरच त्याला ४५ रुपयांचा कर आपल्या हिशेबात कमी करता येतो. त्याला मुदत आहे: ज्या आर्थिक वर्षात माल दिला ते संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याने वार्षिक विवरण त्याआधी भरलं तर तोपर्यंतच. म्हणून जुनी बिलं वर्षानुवर्षे ठेवून मग पत्र लिहिण्यात अर्थ नाही.

क्रेडिट नोट आली, पैसे खात्यावर जमा झाले. जाळ्याचा खरा भाव करासकट किलोला ५२५ नसून ५१३ रुपये १९ पैसे पडतो. ज्यांनी जाळं नेलं त्यांना किलोमागे ११ रुपये ८१ पैसे परत मिळतील, पाच किलोवाल्याला ५९ रुपये. येताना पावती आणावी, वहीत सही करून पैसे न्यावेत. मूळ बिल, पत्र आणि क्रेडिट नोट एकाच फाईलला लावली आहे, कुणालाही बघता येईल.