खांबाच्या सावलीचे टोक

उतरत्या उन्हात रस्त्यावर पडलेली विजेच्या खांबाची सावली नीट पाहिली, तर बुंध्याशी तिची कड सुरीने कापल्यासारखी दिसते आणि टोकाकडे ती विरत जाते. कारण सूर्य हा बिंदू नव्हे. आकाशात तो सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो. त्यामुळे प्रकाशाच्या वाटेवर वस्तूपासून जमिनीपर्यंत जेवढे अंतर, त्याच्या साधारण शंभराव्या हिश्श्याइतकी सावलीची कड पसरते. एका मीटरला सुमारे एक सेंटिमीटर, दहा मीटरला नऊ-दहा सेंटिमीटर. खांबावरच्या बारीक तारेची सावली जमिनीवर जवळपास दिसत नाही, ती यामुळेच. व्हिडीओ गेममध्ये ही साधी गोष्ट दाखवणे मात्र फार जड जाते. महागड्या ग्राफिक्स कार्डांच्या खोक्यावर झळकणारा ‘रे ट्रेसिंग’ हा शब्द ज्या अडचणीशी झगडतो, त्यातली ही एक.

गेममधले दृश्य लाखो छोट्या त्रिकोणांनी बनलेले असते. नेहमीच्या पद्धतीत, म्हणजे रास्टरायझेशनमध्ये, संगणक एकेक त्रिकोण घेतो, तो पडद्यावर कुठे येईल ते ठरवतो, तेवढे पिक्सेल रंगवतो आणि पुढच्या त्रिकोणाकडे वळतो. पद्धत विलक्षण वेगवान आहे. पण रस्त्याचा पिक्सेल रंगवताना त्याच्या आणि सूर्याच्या मध्ये खांब उभा आहे, हे तिला ठाऊकच नसते.

त्यावरचा तोडगा लान्स विल्यम्स यांनी १९७८ मध्ये मांडला. आधी सूर्याच्या जागेवरून दृश्य पाहायचे आणि प्रत्येक दिशेला सर्वांत जवळची वस्तू किती अंतरावर आहे, एवढेच टिपून ठेवायचे. हा झाला शॅडो मॅप. मग रस्त्याचा एखादा ठिपका सूर्यापासून त्या नोंदीपेक्षा लांब निघाला, की तो सावलीत. युक्ती नामी आहे, पण नकाशाला चौकटी असतात. समजा, नकाशा २०४८ बाय २०४८ चौकटींचा आहे आणि त्यात ४० मीटरचे अंगण बसवले आहे. मग एक चौकट सुमारे दोन सेंटिमीटरची झाली. खिडकीचा एक सेंटिमीटरचा गज त्यात धड मावत नाही; त्याची सावली तुटक, करवतीसारखी दिसते.

दुसरा दोष गमतीचा आहे. एका चौकटीत अंतर एकच, पण तिच्याखालची जमीन सूर्याच्या दृष्टीने तिरकी. त्यामुळे जमिनीचा काही भाग नोंदीपेक्षा किंचित लांब ठरतो आणि जमीन स्वतःचीच सावली स्वतःवर पाडते. भर उन्हात पट्टे उमटतात. व्यवसायातले लोक याला ‘शॅडो अ‍ॅक्ने’, म्हणजे सावलीची मुरमे, म्हणतात. उपाय म्हणून तुलनेत थोडी सूट दिली, तर मुरमे जातात. सूट जास्त झाली, तर सावली पायांपासून सुटते आणि माणूस तरंगल्यासारखा दिसतो.

रे ट्रेसिंगमध्ये नकाशाच नाही. रस्त्यावरच्या ठिपक्यापासून सूर्याकडे एक किरण सोडायचा आणि वाटेत काही आडवे येते का, एवढेच विचारायचे. कल्पना जुनी आहे. टर्नर व्हिटेड यांच्या १९८० च्या प्रसिद्ध लेखातल्या ६४० बाय ४८० पिक्सेलच्या एका चित्राला ७४ मिनिटे लागली होती. गेमला सेकंदात ६० चित्रे हवीत. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २१ लाख पिक्सेल असतात. प्रत्येकाला एकच किरण दिला, तरी सेकंदाला साडेबारा कोटींच्या आसपास किरण होतात. प्रत्येक किरण लाखो त्रिकोणांशी ताडून पाहणे अशक्यच. म्हणून त्रिकोण पेट्यांत आणि पेट्या मोठ्या पेट्यांत घालतात. मोठी पेटी किरणाच्या वाटेत नसेल, तर आतले सगळे वगळता येते. हा शोध घेणारी खास मंडले एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांत २०१८ मध्ये आली.

आता पुन्हा तो खांब. किरण सूर्याच्या मध्याकडे न सोडता त्याच्या तबकडीवरच्या कोणत्याही एका जागेकडे सोडतात. बुंध्याजवळ जवळपास सगळे किरण एकच उत्तर देतात, म्हणून कड रेखीव येते. टोकाजवळ काही अडतात, काही सुटतात, म्हणून ती मऊ होते. पण पिक्सेलला एकच किरण असेल, तर उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच, आणि मऊ कडेऐवजी रवाळ ठिपके दिसतात. ते पुसण्यासाठी शेजारच्या पिक्सेलची आणि आधीच्या चित्रांची सरासरी घेतात. इथे नवा दोष शिरतो: धावत्या पात्रामागे त्याच्या सावलीची पुसट शेपटी रेंगाळते.

म्हणूनच बहुतेक गेम आजही मूळ चित्र रास्टरायझेशननेच काढतात आणि किरण सावली, प्रतिबिंब अशा निवडक कामांना लावतात. घरात नव्या कार्डाचा हट्ट चालू असेल, तर दुकानात सेटिंगमध्ये जाऊन ते एकदा चालू आणि एकदा बंद करून पाहावे. पात्राचे पाऊल आणि उंच झाडाच्या सावलीचे टोक, एवढ्याच दोन जागा पाहाव्यात. भर दुपारच्या उघड्या मैदानात फरक शोधावा लागतो. जाळीच्या खिडकीत किंवा अनेक दिव्यांच्या खोलीत तो चटकन दिसतो. वेगवान गोळीबाराच्या गेममध्ये मात्र ६० चित्रांची ४० होत असतील, तर मी सावलीचे किरण बंदच ठेवीन.