विमानभाड्याचं गणित – भाग ६ : तिकीट एक, देश दोन, किंमत वेगळी

गेल्या भागात आपण पाहिलं की एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळं भाडं का भरलेलं असतं. या वेळी प्रश्न त्याहून अवघड आहे. विमान तेच, तारीख तीच, प्रवासीही तोच. तरी बुकिंगच्या साइटवर भारताऐवजी ब्रिटन निवडलं की आकडा बदलतो. लंडनला नोकरी करणाऱ्या मुलाला मुंबईच्या आईवडिलांसाठी तिकीट काढताना हे हमखास दिसतं.

आधी न बदलणारी गोष्ट. भाडं ठरतं ते प्रवास जिथून सुरू होतो त्या देशाच्या हिशेबाने. मुंबईहून निघणाऱ्या प्रवासाचं मूळ भाडं रुपयांत नोंदलेलं असतं. साइट पौंडांत दाखवते तेव्हा ती रुपयांचं रूपांतर करते. विमानतळाचे आकारही साइटचा देश बदलल्याने बदलत नाहीत.

मग फरक येतो कुठून? समजा मूळ भाडं ४२,००० रुपये, कर आणि आकार ९,००० रुपये, एकूण ५१,०००. बाजारात पौंड ११५ रुपयांना आहे, पण साइटने स्वतःचा दर ११२ धरला. पडद्यावर आले ४५६ पौंड. हेच तिकीट तुम्ही भारतीय कार्डावर घेतलंत, तर बँक आधी ११५ च्या दराने ५२,४४० रुपये धरेल. त्यावर परकीय चलनाचा आकार, समजा साडेतीन टक्के, आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. एकूण साधारण ५४,६००. म्हणजे भाडं एका रुपयानेही न बदलता तिकीट ३,६०० रुपयांनी महागलं. शिवाय विक्रेत्याचं सेवाशुल्क देशागणिक वेगळं असतंच.

पण हा झाला चलनाचा खेळ. खरा फरक त्याच्या पुढे आहे. बहुतेक मोठ्या विमान कंपन्या आपली भाडी आणि त्यांचे नियम ‘एटीपीको’ या संस्थेकडे नोंदवतात आणि तिथून ती विक्रेत्यांकडे जातात. या नियमांचे क्रमांकवार प्रकार आहेत. त्यातला पंधरावा प्रकार विक्रीच्या बंधनांचा : हे भाडं कोणत्या देशात विकता येईल, कोणत्या चलनात, कोणाकडून. एखाद्या भाड्यावर ‘फक्त ब्रिटनमध्ये विक्री’ असं बंधन असेल तर भारतीय साइट ते दाखवणारच नाही. त्यात भर म्हणजे, भाडं दोन्हीकडे खुलं असलं तरी स्वस्त वर्गातल्या किती जागा कोणत्या देशाच्या विक्रेत्याला दाखवायच्या, हेही कंपनीची संगणकप्रणाली वेगवेगळं ठरवू शकते.

कंपन्या असं का करतात? जिथे त्यांचं नाव फारसं माहीत नाही किंवा स्पर्धा तीव्र आहे, तिथे त्या सवलत देतात. पण ती सवलत झिरपून त्यांच्या हक्काच्या बाजारात यायला नको असते. दुसरं कारण पैसा अडकण्याचं. व्हेनेझुएलामध्ये सरकारी दराने बोलिव्हारमध्ये तिकिटं विकून कंपन्यांचे अब्जावधी डॉलर तिथेच अडकले, कारण सरकार ते डॉलरमध्ये बदलून देईना. २०१४ मध्ये काही कंपन्यांनी तिथल्या फेऱ्याच घटवल्या. असा अनुभव आल्यावर विक्रीच्या देशावर पहारा बसतो, हे मला तरी समजण्यासारखं वाटतं. ग्राहकाला मात्र हे कुणी उघडपणे सांगत नाही, याची चीड येते.

चलनाचा फरक आणि भाड्याचा फरक ओळखायचा कसा? पैसे भरण्याआधी भाड्याचे नियम उघडा आणि `Fare basis` शोधा. तिथे `T3INRT` किंवा `T3GBRT` यांसारखी अक्षरं असतात (ही नमुन्यादाखल). दोन्ही देशांच्या साइटवर हा कोड तंतोतंत सारखा असेल तर भाडं एकच आहे; फरक दराचा नाहीतर शुल्काचा. तेव्हा रुपयांतच घेतलेलं बरं. कोड वेगळा असेल तर भाडं खरोखर वेगळं. समजा ब्रिटनच्या कोडाचं मूळ भाडं ३६,००० आहे. करांसह ४५,०००, म्हणजे त्याच साइटवर ४०२ पौंड. भारतीय कार्डाचे सगळे आकार धरूनही हिशेब ४८,१०० च्या आसपास जातो. इथे बाहेरच्या साइटवर घेण्यात फायदा आहे, आणि मुलाने ब्रिटिश कार्ड वापरलं तर आणखी थोडा. मात्र दोन्ही कोडांच्या सामानाच्या आणि तारीख बदलण्याच्या अटी शेजारी शेजारी ठेवून वाचा; स्वस्त कोडात बॅगच नसेल तर वाचलेले पैसे तिथेच जातात.

हा मार्ग सगळीकडे चालत नाही. नेपाळमध्ये काठमांडू–पोखरासारख्या देशांतर्गत विमानांत नेपाळी नागरिकांचं भाडं वेगळं आणि परदेशी प्रवाशांचं वेगळं असतं. तिथे साइटचा देश बदलून उपयोग नाही. नागरिकत्वाचा पुरावा मागितला की अडचण होते.

आणि रद्द करायची वेळ आली, तर पौंडांत घेतलेलं तिकीट पौंडांतच परत होतं, त्याच कार्डावर, त्या दिवशीच्या दराने. घेताना भरलेला चलनाचा आकार बँक साधारणपणे परत करत नाही. बदलासाठीही बहुधा विकणाऱ्या त्या परदेशी साइटकडेच जावं लागतं. परतीची तारीख पक्की नसलेल्या आईवडिलांसाठी मी हे आधी विचारात घेईन, कोडाचा फरक नंतर.

(पुढील भागात : परतीचं तिकीट एकेरीपेक्षा स्वस्त का असतं?)