रोलर, गुआ शा आणि ब्रश: चेहऱ्यावर काय घडते, काय टिकते

हिरवट दगडाचा रोलर, एका बाजूला खाच असलेला चपटा गुआ शा आणि बॅटरीवर थरथरणारा क्लिन्झिंग ब्रश या तिन्ही वस्तू आता शेवगावात घरबसल्या मागवता येतात. जाहिरातींत तिघांची कामे एकत्र सांगितली जातात: सूज उतरते, सुरकुत्या जातात, जबड्याची रेघ उठून दिसते. यातले खरे काय, हे पाहायचे तर दगड त्वचेवर फिरतो तेव्हा आत काय होते ते आधी समजून घ्यावे लागेल.

सकाळी डोळ्यांखाली आणि गालांवर जी सूज दिसते, ती बहुतेक वेळा पाण्याची असते. रात्रभर आडवे झोपल्यावर, त्यात जेवण खारट झाले असेल तर, पेशींमधल्या जागेत द्रव साचतो. तो परत नेण्याचे काम लसीकावाहिन्या करतात. रक्ताला हृदयाचा पंप असतो तसा मध्यवर्ती पंप त्यांना नसतो; स्नायूंची हालचाल, श्वास आणि बाहेरचा हलका दाब यांनी द्रव पुढे सरकतो. चेहऱ्यावरच्या या वाहिन्या कातडीच्या अगदी जवळ असल्यामुळे हलका दाब पुरतो. म्हणून नाकाच्या बाजूने कानाकडे आणि तिथून मानेवरून गळपट्टीच्या हाडाकडे हळू फिरवलेला दगड सूज थोडी उतरवतो. जोर लावला तर हा फायदा वाढत नाही. उलट गुआ शाने जोरात ओरखडले तर केशवाहिन्या फुटून लाल ठिपके उठतात. पाठीवरच्या पारंपरिक चिनी गुआ शात असे ठिपके उठणे अपेक्षित असते, पण चेहऱ्यावर ते नको आहेत.

दुसरा परिणाम थंडाव्याचा. थंड वस्तू त्वचेतली उष्णता ओढून घेते, रक्तवाहिन्या काही काळ आकुंचन पावतात आणि डोळ्यांखालची सूज कमी दिसते. इथे शेवगावच्या उन्हाळ्याचा प्रश्न येतो. मे महिन्याच्या दुपारी खोलीतच पारा चाळिशीला टेकलेला असतो, तर चेहऱ्याच्या त्वचेचे तापमान साधारण 33 ते 35 अंश असते. ड्रेसिंग टेबलावरचा दगड त्या वेळी त्वचेपेक्षा गरम असतो. तो उष्णता घेणार नाही, देईल. वाटीभर माठाचे पाणी काढून त्यात दगड दहा मिनिटे ठेवला, तर तो पुरेसा थंड होतो. हाच परिणाम फ्रिजमधला स्टीलचा चमचाही देतो. जेड, गुलाबी क्वार्ट्झ की रंगवलेली काच, याने सूज उतरण्यात फरक पडत नाही. कड गुळगुळीत असली की झाले.

परिणाम किती टिकतो, हे स्वतःच तपासता येते. सकाळी उठल्यावर चेहऱ्याच्या एकाच बाजूला पाच मिनिटे रोलर फिरवा, दुसरी बाजू तशीच ठेवा. खिडकीसमोर एक फोटो घ्या आणि दुपारी त्याच जागी दुसरा. सकाळी फरक दिसू शकतो, दुपारपर्यंत तो बहुधा राहत नाही. तोवर दुसऱ्या बाजूची सूजही आपोआप उतरलेली असते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या जपानी अभ्यासात पाच मिनिटांच्या रोलरनंतर गालातला रक्तप्रवाह किमान दहा मिनिटे वाढलेला आढळला. चेहरा थोडा वेळ टवटवीत दिसतो, तो त्यामुळे. सुरकुत्यांचे कारण मात्र त्वचेच्या खोल थरातले कोलॅजेन घटणे हे असते आणि त्यात उन्हाचा वाटा मोठा असतो. तिथे दगड काही बदलतो, असा भक्कम पुरावा नाही. जबड्यावरची चरबीही घासून वितळत नाही.

चेहऱ्यासाठी काशाची वाटी किंवा कांडी वापरण्याचीही आता टूम आहे. तळपायाला तूप लावून वाटी घासली की पाय काळे होतात आणि ‘उष्णता बाहेर पडली’ असे म्हणतात. तो काळसरपणा काशातल्या तांब्याची तेलाशी आणि घामाशी होणारी रासायनिक क्रिया असते. चेहऱ्यावर आलेली राखाडी छटाही तीच, ती साबणाने निघते. मालिश सुखद असते, पण त्या रंगावरून शरीरातून काय बाहेर पडले हे ठरवता येत नाही.

ब्रशचे गणित वेगळे आहे. तो मेकअप आणि सनस्क्रीनचा थर नीट काढतो, हे खरे. पण गव्हाळ-सावळ्या त्वचेला रोजचे घर्षण सोसत नाही. घासल्याने त्वचेला बारीक इजा होते आणि तिच्या उत्तरात रंगद्रव्य वाढते. नायलॉनच्या घासणीने पाठ आणि हात काळे पडतात, हे भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना चांगले माहीत आहे. गालावर वांग असेल तर तो ब्रशने आणखी गडद होण्याची भीती असते. मुरुमांवर ब्रश किंवा रोलर फिरवला तर फोड आतल्या आत फुटतो आणि डाग मागे राहतो.

आता स्वच्छतेकडे येऊ. बोअरचे पाणी क्षाराचे असेल तर साबणाशी त्याचा चिकट साका तयार होतो. बादलीवर दिसणारा पांढरट थर ब्रशच्या केसांच्या मुळाशीही बसतो. त्यात तेल आणि मृत त्वचा अडकते आणि ओलसर न्हाणीघरात जंतूंना आयते घर मिळते. रोलरमध्ये अशी जागा दांडीच्या सांध्यात असते. रोलर कुरकुरू लागला किंवा सांध्याला कुबट वास आला, की आत तेल साचले आहे असे समजावे.

त्याहून मोठा धोका सामायिक वापराचा. गेली काही वर्षे आपल्याकडे हट्टी गजकर्ण पसरले आहे. ट्रायकोफायटन इंडोटिनी या बुरशीवर नेहमीचे औषध अनेकदा चालत नाही आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्या स्टिरॉइडमिश्रित क्रीममुळे रोग दबतो, पण जात नाही. घरात एकाला गजकर्ण असेल, तर टॉवेलसारखाच त्याचा रोलरही दुसऱ्याने वापरू नये. चपट्या चामखिळींचेही तसेच: त्यांच्यावरून दगड फिरवून पुढे घासले, तर त्या ओळीने पसरू शकतात. पार्लरमध्ये मागच्या ग्राहकानंतर दगड कशाने धुतला, हे विचारायला संकोच नको.

धुण्याची रीत सोपी आहे. प्रत्येक वापरानंतर भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब आणि कोमट पाणी वापरा. क्षाराच्या पाण्यात साबणाचा साका होतो तसा लिक्विडचा होत नाही. सांधा जुन्या टूथब्रशने घासा, कोरड्या कापडाने पुसा आणि मग कापसावर 70 टक्के स्पिरिट घेऊन दगड पुसून हवेत वाळू द्या. आधी तेल काढलेच पाहिजे, नाहीतर स्पिरिट पृष्ठभागापर्यंत पोचत नाही. उकळत्या पाण्यात टाकू नका; चिकटवलेला सांधा सुटतो आणि दगडाला तडा जाऊ शकतो. ब्रश केस खाली करून न्हाणीघराबाहेर वाळवा आणि त्याचे डोके साधारण तीन महिन्यांनी बदला. सिलिकॉनचा ब्रश लवकर वाळतो, पण घर्षणाचा प्रश्न त्यालाही आहे.

दगडाला तडा गेला, कड उडाली की तो वापरातून काढा. आणि चेहऱ्यावर कड उंचावलेला, खाजणारा गोल चट्टा दिसला, तर रोलर आणि क्रीम दोन्ही थांबवून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.