आणखी कुठे मुलाखती चालू आहेत?

भरती करणाऱ्याच्या या प्रश्नामागचा हेतू तो कोणाच्या वतीने विचारतो यावर ठरतो. कंपनीच्या स्वतःच्या मनुष्यबळ विभागाला बहुधा उमेदवार कधी हातचा जाईल, एवढेच जोखायचे असते. कन्सल्टन्सीचा माणूस मात्र कंपनीचे नाव कळताच तिथे जागा रिकामी आहे हे ओळखतो आणि स्वतःचे दुसरे उमेदवार तिकडे पाठवू शकतो. म्हणून त्याला नाव सांगणे म्हणजे स्वतःच स्पर्धक बोलावणे. अपवाद एकच: तो ज्या कंपनीसाठी अर्ज पाठवणार आहे, तिथे आधीच अर्ज गेला असेल तर ते सांगावे; एकच अर्ज दोन वाटांनी पोहोचला की कमिशनच्या वादात तो बाजूला पडू शकतो.

एरवी नावाऐवजी टप्पा आणि तारीख द्यावी. समजा, पुण्यातल्या एका टेस्टरची दुसरीकडे शेवटची फेरी गुरुवारी आहे. त्याने म्हणावे, “दोन ठिकाणी बोलणी चालू आहेत, एक शेवटच्या टप्प्यात आहे. नावे सांगणे योग्य होणार नाही. पण पुढच्या आठवड्याअखेर मला निर्णय घ्यावा लागेल.” यातून वेळापत्रक कळते, आणि भरती करणाऱ्याला खरे तर तेच हवे असते. दुसरीकडे काहीच नसेल तर “शोध नुकताच सुरू केलाय” पुरते. खोटी ऑफर सांगू नये. ऑफर लेटर मागितले की पंचाईत होते.