ऑफिसच्या वाय-फायवर व्हर्च्युअल मशीनला पत्ता का मिळत नाही

व्हर्च्युअल मशीन ब्रिज्ड मोडमध्ये चालवले की ते लॅपटॉपच्या आडोशाला राहत नाही, बाहेरच्या नेटवर्कवर स्वतंत्र संगणक म्हणून हजर होते. त्याला स्वतःचा मॅक पत्ता असतो (व्हर्च्युअलबॉक्समध्ये तो सहसा `08:00:27` ने सुरू होतो) आणि आयपी पत्ताही ते नेटवर्ककडून स्वतःच मागून घेते. घरच्या वाय-फायवर हे बहुतेक वेळा बिनबोभाट चालते. तोच लॅपटॉप ऑफिसच्या वाय-फायला जोडला की लॅपटॉपचे इंटरनेट व्यवस्थित चालू असते, पण आतल्या मशीनला पत्ता मिळत नाही. आत विंडोज असेल तर `169.254` ने सुरू होणारा, स्वतःच लावून घेतलेला कामचलाऊ पत्ता दिसतो. लिनक्समध्ये जुना डीएचसीपी क्लायंट असेल तर थोड्या वेळाने `No DHCPOFFERS received.` अशी ओळ येते. अशा वेळी मशीन पुसून नव्याने बसवण्यात अनेकांचा दिवस जातो आणि हाती काही लागत नाही, कारण बिघाड मशीनमध्ये नसतोच.

मूळ अडचण वाय-फायच्या रचनेत आहे. केबलवरून जाणाऱ्या प्रत्येक फ्रेममध्ये पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन मॅक पत्ते असतात. स्विच पाठवणाऱ्याचा पत्ता वाचून तो कोणत्या पोर्टमागे आहे हे लक्षात ठेवतो. एका पोर्टमागून दोन पत्ते आले तरी साध्या स्विचला त्याचे काही वाटत नाही, म्हणून केबलवर ब्रिजिंग सहज जमते. लॅपटॉपकडून ॲक्सेस पॉइंटकडे जाणाऱ्या वाय-फायच्या फ्रेममध्ये तीन पत्ते असतात: ॲक्सेस पॉइंटचा, शेवटी जिथे पोचायचे त्या यंत्राचा आणि पाठवणाऱ्याचा. हवेत फ्रेम सोडणारे यंत्र आणि मजकुराचा मूळ धनी वेगवेगळे असू शकतात, हे सांगायला त्यात चौथी जागाच नाही. शिवाय ॲक्सेस पॉइंट फक्त जोडणी करून घेतलेल्या यंत्रांचेच ऐकतो, आणि डब्ल्यूपीए-२ मध्ये अशा प्रत्येक यंत्राची सांकेतिक किल्लीही वेगळी असते. जोडणी लॅपटॉपच्या मॅकने झालेली असते. `08:00:27` चा पत्ता लावून फ्रेम आली तर ॲक्सेस पॉइंट ती टाकून देतो.

म्हणूनच लिनक्समध्ये वाय-फायचे कार्ड थेट ब्रिजमध्ये घालायला गेले तर कर्नल सहसा नकार देते. चार पत्त्यांची फ्रेम अस्तित्वात आहे, पण ती ॲक्सेस पॉइंटलाही मान्य असावी लागते, आणि ऑफिसात ती सामान्य लॅपटॉपसाठी क्वचितच खुली असते.

मग घरी ते चालते कसे? व्हर्च्युअलबॉक्ससारखे सॉफ्टवेअर मध्ये बसून पत्ता बदलते. बाहेर जाणाऱ्या फ्रेमवरचा मशीनचा मॅक काढून ते लॅपटॉपचा मॅक लावते. परत आलेल्या फ्रेममधला आयपी पत्ता मशीनचा असेल, तर मॅक पुन्हा मशीनचा करून ती आत सोडते. पत्ता मिळाल्यावर ही तडजोड छान चालते. तो मिळेपर्यंतचा काळ मात्र नाजूक असतो, कारण आयपी अजून ठरलेलाच नसतो आणि डीएचसीपीच्या विनंतीत मशीनचा मॅक आणखी एका जागी लिहिलेला असतो. विनंतीच्या मजकुरात `chaddr` नावाचा रकाना असतो आणि पत्ता कोणाला हवा आहे हे सर्व्हर तिथूनच वाचतो. हा रकाना बदलला तर लॅपटॉप आणि मशीन दोघेही सर्व्हरला एकच वाटतील, म्हणून सॉफ्टवेअर त्याला हात लावत नाही. त्याऐवजी उत्तर एकट्या मशीनच्या नावे न धाडता सर्वांसाठी प्रसारित करावे, अशी खूण विनंतीतच केली जाते. प्रसारित उत्तर लॅपटॉपच्या कार्डापर्यंत पोचते आणि तिथून आत जाते.

ऑफिसात ही युक्ती दोन ठिकाणी मोडते. पहिले ठिकाण म्हणजे जातानाची वाट. ऑफिसच्या स्विचवर अनेकदा डीएचसीपी स्नूपिंग चालू असते. सिस्कोच्या स्विचवर ते चालू केले की फ्रेमवरचा मॅक आणि `chaddr` मधला मॅक जुळतात का, हेही आपोआप तपासले जाते. ॲक्सेस पॉइंटची रहदारी थेट अशा स्विचवर उतरत असेल, तर लॅपटॉपचा मॅक बाहेर आणि मशीनचा मॅक आत असलेली विनंती तिथेच अडते. हा नियम खोट्या मॅकच्या नावाने सगळे आयपी पत्ते लाटणाऱ्यांना रोखण्यासाठी आहे आणि तो योग्यच आहे. मशीनची प्रामाणिक विनंती बाहेरून अगदी तशीच दिसते, एवढेच.

दुसरे ठिकाण परतीच्या वाटेवर आहे. प्रसारित संदेश वाय-फायचा बराच वेळ खातात, म्हणून काही ॲक्सेस पॉइंट डीएचसीपीचे प्रसारित उत्तर एकाच यंत्रासाठीच्या उत्तरात बदलतात आणि त्यासाठी पत्ता `chaddr` मधूनच घेतात. त्या मॅकचे कोणतेही यंत्र ॲक्सेस पॉइंटशी जोडलेले नसते, त्यामुळे उत्तर हवेत उतरतच नाही.

प्रत्यक्ष तपास कसा होतो ते एका उदाहरणातून पाहता येईल. समजा, उबंटूच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्सचे मशीन आहे. आधी सेटिंगमध्ये ब्रिजसाठी निवडलेले कार्ड खरोखर वाय-फायचेच आहे ना, हे पाहावे. बंद केबल किंवा व्हीपीएनचे कार्ड तिथे राहून गेलेले पुष्कळदा आढळते. मग मशीनला पत्ता मागायला लावून लॅपटॉपवर पुढील आज्ञा द्यावी. वाय-फायच्या कार्डाचे नाव वेगळे असेल तर `wlan0` च्या जागी ते लिहावे.

```
sudo tcpdump -i wlan0 -n -e -v port 67 or port 68
```

काहीच दिसले नाही तर विनंती लॅपटॉपमधून निघालेलीच नाही, आणि दोष ब्रिजच्या मांडणीत आहे. `Discover` दिसते, फ्रेमवर लॅपटॉपचा मॅक आहे आणि `Client-Ethernet-Address` समोर `08:00:27` चा पत्ता आहे, तर पत्त्याची अदलाबदल नीट झाली. त्यानंतर `Offer` येत नसेल तर विनंती किंवा उत्तर पुढे कुठेतरी हरवते आहे. जाताना की येताना, हे लॅपटॉपवरून कळत नाही, त्यासाठी नेटवर्क सांभाळणाऱ्यांची मदत लागते. डीएचसीपी सर्व्हरच्या नोंदीत मशीनचा मॅक आणि त्याला देऊ केलेला पत्ता सापडला, तर उत्तर परतीच्या वाटेवर हरवले. नोंदच नसेल तर विनंती वाटेत अडली. सिस्कोच्या स्विचवर ते `DHCP_SNOOPING_MATCH_MAC_FAIL` या संदेशावरून ओळखता येते.

सर्व्हरला वळसा घालून मशीनला हाताने पत्ता देण्याचा मोह इथे होतो. पण स्नूपिंगच्या जोडीला एआरपी तपासणीही असेल, तर डीएचसीपीने न दिलेला पत्ता वापरणाऱ्याचे एआरपी संदेश अडवले जातात. ती तपासणी नसेल तर तोच पत्ता सर्व्हर दुसऱ्या कोणाला देऊन बसण्याचा धोका असतो.

वाय-फाय सोडून टेबलाजवळच्या केबलला लॅपटॉप जोडण्याआधीही विचारलेले बरे. केबलवर मशीनचा मॅक न बदलता थेट स्विचपर्यंत पोचतो आणि तिथे पोर्ट सिक्युरिटी असू शकते. सिस्कोच्या स्विचवर ती चालू करताना वेगळे काही सांगितले नाही तर एका पोर्टवर एकच मॅक चालतो. दुसरा दिसला की पोर्ट `err-disabled` होऊन बंद पडतो. म्हणजे मशीनला पत्ता मिळणे दूरच, लॅपटॉपचेही नेटवर्क जाते, आणि केबल काढून पुन्हा लावल्याने ते परत येत नाही. पोर्ट नेटवर्कवाल्यांना पुन्हा चालू करावा लागतो, किंवा ठरावीक वेळाने आपोआप सुरू होण्याची सोय आधी केलेली असावी लागते. मशीनला ब्रिज्डच हवे असेल तर पोर्टवर दोन मॅकची परवानगी मागणे हाच सरळ मार्ग आहे.

बहुतेक कामांना ब्रिज्ड मोडची गरजही नसते. नॅट मोडमध्ये व्हर्च्युअलबॉक्स मशीनला आतल्या आत पत्ता देतो, सहसा `10.0.2.15`, आणि बाहेर सगळे लॅपटॉपच्याच नावाने जाते. लॅपटॉपवरून मशीनमध्ये शिरायचे असेल तर नॅटच्या सेटिंगमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचा एक नियम पुरतो. होस्टचा पोर्ट २२२२ मशीनच्या २२ ला जोडला आणि मशीनवर एसएसएच सर्व्हर चालू असला की काम होते. `user` च्या जागी मशीनवरील वापरकर्त्याचे नाव घालावे:

```
ssh -p 2222 user@127.0.0.1
```

ऑफिसातल्या इतर संगणकांनी मशीनपर्यंत पोचायचे असेल तर त्याच नियमाने लॅपटॉपचा आयपी देता येतो. त्यासाठी लॅपटॉपच्या फायरवॉलमध्ये तो पोर्ट उघडा लागतो आणि वाय-फायवर यंत्रांना एकमेकांपासून तोडलेले नसावे लागते. पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर तसे तोडलेले असते, त्यामुळे तिथे हा उपाय चालत नाही.